गाजरगवत की तरोटा? समतोल काढा आणि तो टिकेल का तेही तपासा

मराठवाड्यातल्या कुठल्याही पांदण रस्त्याला पावसाळ्यात गेलात, तर दोन तणं हटकून दिसतात. एक गाजरगवत. हे मूळचं अमेरिकेतलं, आपल्याकडे १९५० च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली आणि आता धुऱ्यावर, गायरानावर, शाळेच्या मागे सगळीकडे आहे. दुसरा तरोटा, ज्याच्या कोवळ्या पाल्याची पहिल्या पावसानंतर भाजी करतात. गाजरगवतावर उपाय म्हणून तरोट्याचं बी फेका, असा सल्ला शेतकऱ्यांना अनेक वर्षांपासून दिला जातो. तो कुठे लागू पडतो आणि कुठे पडत नाही, हे गणिताने कसं तपासायचं ते या लेखात पायरीपायरीने पाहू. बारावीपर्यंतचं गणित आणि आलेखाचा एक कागद एवढं पुरे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण नवख्यांची गाडी इथेच अडते. दोन्ही तणं ज्या संख्येला स्थिरावू शकतात असा बिंदू समीकरणातून सापडला, की बहुतेक जण «सहअस्तित्व सिद्ध झालं» म्हणून वही मिटतात. पण बिंदू सापडणं हे अर्धंच काम. तो टिकणारा आहे की नाही, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर बऱ्याचदा «नाही» असं येतं.

समीकरण मांडणे

अमेरिकेत आल्फ्रेड लोट्का यांनी आणि इटलीत व्हितो व्होल्तेरा यांनी १९२० च्या दशकात स्वतंत्रपणे जी समीकरणं मांडली, तीच इथे वापरू. एका चौरस मीटरमध्ये गाजरगवताची झाडं `G`, तरोट्याची झाडं `T`.

```
dG/dt = r1 * G * (1 - (G + a*T)/K1)
dT/dt = r2 * T * (1 - (T + b*G)/K2)
```

`K1` म्हणजे तरोटा अजिबात नसेल तर त्या चौरस मीटरात गाजरगवताची जास्तीत जास्त किती झाडं पोसली जातील तो आकडा. `K2` तसाच तरोट्याचा. `r1`, `r2` हे मोकळी जागा असताना वाढीचे वेग. खरी गोम `a` आणि `b` मध्ये आहे. तरोट्याचं एक झाड गाजरगवताच्या वाट्याचं ऊन, ओल आणि जागा जेवढी खातं, ती गाजरगवताच्या किती झाडांनी खाल्ली असती? तो आकडा म्हणजे `a`. तो ०.६ असेल तर गाजरगवताच्या दृष्टीने तरोट्याचं झाड हे स्वतःच्या भाऊबंदांपेक्षा कमी त्रासदायक आहे. १.५ असेल तर दीडपट त्रासदायक. `b` याच्या उलट बाजूने, म्हणजे गाजरगवताचं एक झाड तरोट्याला किती जड जातं.

आकडे आणायचे कुठून

एकाच गायरानावर, सारख्या जमिनीत, एक मीटर बाय एक मीटरच्या काही चौकटी सुतळीने आखा. काहींमधून तरोटा सतत उपटत राहा, काहींमधून गाजरगवत. संख्या बदलायची थांबली की मोजा. त्यातून दोन्ही `K` मिळतात. `a` साठी तिसरा गट लागतो. त्यात तरोट्याची झाडं मुद्दाम एका संख्येवर राखायची, समजा २०, आणि गाजरगवताला हवं तसं वाढू द्यायचं. एकट्याने ५० पर्यंत जाणारं गाजरगवत इथे ३८ वर थांबलं, तर तरोट्याच्या २० झाडांनी १२ झाडांची जागा खाल्ली. १२ भागिले २०, म्हणजे `a` ०.६ आला. `b` साठी हेच उलटं करा.

हे करताना हातमोजे आणि तोंडाला रुमाल हवाच. गाजरगवताने अंगाला खाज सुटते, काहींना त्याच्या परागाने दम लागतो. आणि रोपं नाही तर झाडं मोजा. जूनच्या शेवटी उगवलेली शेकडो रोपं ऑगस्टपर्यंत आपसातच मरून जातात. ती मोजली तर `K` भलताच फुगतो. म्हणून फुलावर आल्यावर मोजायचं.

पुढचं सगळं उदाहरण मी सोयीसाठी घेतलेल्या आकड्यांवर आहे, कुठल्या शेतात मोजलेल्या नाही. `K1` ५०, `K2` ६०, वेळेचं माप एक वर्ष, `r1` १ आणि `r2` ०.६. `a` आणि `b` तेवढे बदलत नेऊ.

समतोल बिंदू शोधणे

समतोल म्हणजे दोन्ही समीकरणांची उजवी बाजू एकाच वेळी शून्य. हे चार प्रकारे होतं. दोन्ही तणं नाहीत, तो पहिला. फक्त गाजरगवत ५०, तो दुसरा. फक्त तरोटा ६०, तो तिसरा. चौथा प्रकार कंसांमधली राशी शून्य केल्यावर मिळतो, आणि आपल्याला रस आहे तो याच्यातच. आधी `a` ०.६ आणि `b` ०.५ घेऊ.

```
G + 0.6*T = 50
T + 0.5*G = 60
=> G = 20, T = 50
```

ताळा करून पाहा. २० अधिक ३० म्हणजे ५०, आणि ५० अधिक १० म्हणजे ६०. बरोबर.

आता `a` आणि `b` दोन्ही १.५ करा.

```
G + 1.5*T = 50
T + 1.5*G = 60
=> G = 32, T = 12
```

इथेही दोन्ही आकडे धन आले, इथेही ताळा जुळतो. नुसते आकडे पाहून या दोन उत्तरांत फरक करता येत नाही. म्हणून पुढची पायरी.

`r1` आणि `r2` या सगळ्यात कुठेच आले नाहीत, हेही ध्यानात घ्या. समतोल कुठे आहे ते वाढीच्या वेगावर अवलंबून नसतं. झपाट्याने पसरणारं तण म्हणजे जिंकणारं तण, हा समज त्यामुळेच फसवा आहे.

आलेख काढणे

आडव्या अक्षावर गाजरगवत, उभ्या अक्षावर तरोटा. पहिल्या उदाहरणासाठी गाजरगवताची शून्यवाढ रेषा, म्हणजे `G + 0.6*T = 50` ही रेषा, काढा. ती आडव्या अक्षाला ५० वर आणि उभ्या अक्षाला ५० भागिले ०.६, म्हणजे सुमारे ८३ वर छेदते. या रेषेच्या आत, म्हणजे शून्याच्या बाजूला, गाजरगवत वाढतं, तेव्हा बाण उजवीकडे काढा. रेषेच्या बाहेर ते घटतं, तेव्हा बाण डावीकडे. तरोट्याची रेषा उभ्या अक्षाला ६० वर आणि आडव्याला १२० वर छेदते. तिच्या आत बाण वर, बाहेर बाण खाली.

दोन रेषांनी कागदाचे चार तुकडे पडतात. प्रत्येक तुकड्यात दोन-दोन बाण आहेत. त्यांची मिळून जी दिशा होते ती पाहिली, तर चारही तुकड्यांतून वाट २० आणि ५० च्या बिंदूकडेच येते.

दुसऱ्या उदाहरणाचा आलेख वेगळ्या कागदावर काढा. आता गाजरगवताची रेषा उभ्या अक्षाला ३३ वर येते आणि तरोट्याची रेषा आडव्याला ४० वर. म्हणजे रेषांची जागाच उलटली. छेद आहे, पण दोन रेषांच्या मधल्या दोन तुकड्यांतले बाण छेदबिंदूपासून दूर पळतात. एक तुकडा सगळं काही गाजरगवताच्या ५० कडे नेतो, दुसरा तरोट्याच्या ६० कडे. हा छेदबिंदू घोड्याच्या खोगीरासारखा आहे. त्यावर गोटी ठेवली तर पुढून-मागून ती मध्याकडे येईल, पण डावी-उजवीकडे जरा कलली की घसरून खाली. गणितातही त्याला खोगीरबिंदूच म्हणतात.

घुसखोरीची परीक्षा

माझ्या मते पूर्ण पद्धतीत सर्वांत उपयोगी पायरी हीच आहे, कारण हिला आलेखही लागत नाही. प्रश्न एवढाच विचारायचा. एका तणाने पूर्ण व्यापलेल्या रानात दुसऱ्याची चार रोपं आली, तर ती वाढतील का?

पहिल्या उदाहरणात गाजरगवत ५० वर ठाण मांडून आहे. तरोट्याच्या दृष्टीने ही ५० झाडं म्हणजे ५० गुणिले ०.५, म्हणजे २५ तरोट्यांएवढी. त्याची क्षमता ६० ची आहे, तेव्हा जागा शिल्लक आहे आणि तरोटा घुसू शकतो. उलट बाजूने, तरोटा ६० वर असताना गाजरगवताला तो ३६ झाडांएवढा वाटतो आणि त्याची क्षमता ५० आहे. तेही घुसू शकतं. दोघंही एकमेकांच्या रानात घुसू शकतात, म्हणजे कुणालाच दुसऱ्याला संपवता येत नाही. सहअस्तित्व टिकाऊ आहे.

दुसऱ्या उदाहरणात ५० गाजरगवत तरोट्याला ७५ एवढं जड, क्षमता ६०. घुसता येत नाही. ६० तरोटे गाजरगवताला ९० एवढे जड, क्षमता ५०. इथेही नाही. जो आधी बसला त्याचंच रान. तरोट्याची क्षमता मोठी आहे म्हणून तो जिंकेलच असं इथे म्हणता येत नाही. ५० वाला ६० वाल्याला बाहेर ठेवू शकतो.

आणि `a` १.५ पण `b` फक्त ०.५ असेल तर? तरोटा गाजरगवतात घुसतो, गाजरगवत तरोट्यात घुसत नाही. शेवटी तरोटाच राहतो. या वेळी छेदबिंदू काढायला गेलात तर `G` उणे १६० येईल. उणे झाडं असत नाहीत, म्हणजे छेद कागदाच्या बाहेर आहे. नवखे इथे आकडेमोड चुकली समजून पुन्हा सोडवत बसतात. चुकलेलं काही नसतं, ते उत्तरच «सहअस्तित्व नाही» असं सांगतं.

याच परीक्षेतून आणखी एक गोष्ट निघते. `a` ०.६ आणि `b` ०.५ असताना, `K1` ५० धरला, तर `K2` २५ ते ८३ यांच्या मध्ये कुठेही असला तरी दोघं एकत्र राहतात. आपल्याकडे एखादं वर्ष २०१५ सारखं कोरडं जातं तेव्हा दोन्ही क्षमता सारख्याच प्रमाणात घटतील असं नाही. तेव्हा आपला आकडा त्या पट्ट्याच्या मध्यावर आहे की काठावर, हे पाहून ठेवावं. ६० हा बराच आत आहे. २८ असता तर एका दुष्काळात गणित पालटलं असतं.

किती वेगाने, हेही काढणे

घुसखोरीची परीक्षा दिशा सांगते, काळ सांगत नाही. त्यासाठी समतोल बिंदूपाशी जेकोबियन मांडायचा, म्हणजे प्रत्येक तण किंचित वाढलं तर दोन्हींच्या वेगात किती फरक पडतो त्याचा दोन बाय दोनचा तक्ता. छेदबिंदूवर तो सुटसुटीत होतो.

```
J = [ -r1*G/K1     -a*r1*G/K1 ]
    [ -b*r2*T/K2   -r2*T/K2   ]
```

कर्णावरच्या दोन आकड्यांची बेरीज कायम उणे असते. तेव्हा निकाल निश्चयकावर ठरतो, आणि त्याचं चिन्ह `1 - a*b` एवढ्यावरच अवलंबून असतं. `a` आणि `b` चा गुणाकार एकापेक्षा कमी असेल तर छेदबिंदू टिकाऊ, जास्त असेल तर खोगीर. पण छेद दोन्ही धन आकड्यांत असेल तरच हा नियम लावा. वरच्या तिसऱ्या उदाहरणात गुणाकार ०.७५ आहे, तरी सहअस्तित्व नाही, कारण छेदच नाही.

पहिल्या उदाहरणाचे आकडे घालू. खाली येणारी आयगेन मूल्यं म्हणजे समतोलापासून ढळलेलं अंतर कोणत्या वेगाने वाढतं किंवा घटतं ते सांगणारे दोन आकडे. त्यांची बेरीज कर्णाच्या बेरजेएवढी आणि गुणाकार निश्चयकाएवढा असतो. उणे म्हणजे अंतर घटतं, धन म्हणजे वाढतं.

```
J = [ -0.40  -0.24 ]
    [ -0.25  -0.50 ]
बेरीज = -0.9,  निश्चयक = 0.14
आयगेन मूल्ये: -0.2 आणि -0.7
```

दोन्ही उणे, म्हणजे टिकाऊ. पण ०.२ चा अर्थ असा, की समतोल ढळला तर ते अंतर निम्मं व्हायला सुमारे साडेतीन वर्षं लागतात. एखाद्या वर्षी गाजरगवत सरसकट उपटलं आणि पुढच्या पावसाळ्यात कमी दिसलं म्हणून आनंद मानाल, तर तो आनंद तात्पुरता आहे. ते २० वर परत येणारच, फक्त सावकाश.

दुसऱ्या उदाहरणात आयगेन मूल्यं साधारण ०.११ आणि उणे ०.८७ येतात. एक धन, म्हणजे बिंदू अस्थिर. पण ते धन मूल्य इतकं लहान आहे, की ढळलेलं अंतर दुप्पट व्हायला सहा वर्षांहून जास्त जातात. पुढचा छोटा पायथन कोड चालवून पाहा.

```python
def run(G, T, years, a=1.5, b=1.5, h=0.01):
    for _ in range(int(years / h)):
        dG = G * (1 - (G + a*T) / 50)
        dT = 0.6 * T * (1 - (T + b*G) / 60)
        G, T = G + h*dG, T + h*dT
    return round(G, 1), round(T, 1)

for y in (10, 30, 100):
    print(y, run(32, 13, y), run(32, 11, y))
```

सुरुवात ३२ आणि १३ ने केली काय किंवा ३२ आणि ११ ने केली काय, दहा वर्षांनी गाजरगवताच्या संख्येत तीनेक झाडांचाच बदल दिसतो. पण शंभर वर्षांनी पहिल्या रानात तरोटा आणि दुसऱ्यात गाजरगवत एवढंच उरतं. म्हणून «आमच्या गायरानावर दहा वर्षांपासून दोन्ही आहेत, म्हणजे जमलंय त्यांचं» हा पुरावा नाही. दहा वर्षं पाहण्यापेक्षा मुद्दाम एक चौकट साफ करून तिथे दुसरं तण घुसतं का ते पाहणं जास्त बोलकं.

गणित कुठे तोकडं पडतं

दोन्ही तणं वर्षायू आहेत आणि दोघांचं बी जमिनीत पडून राहतं. समीकरणात शून्य आलं म्हणजे रानातून बी संपलं असं नव्हे. वर मोकळं दिसणारं रान नांगरलं की पुन्हा हिरवं होतं, त्याचं कारण हेच.

त्याहून मोठी अडचण हंगामाची. तरोटा पहिल्या पावसाबरोबर उगवतो, दिवाळीच्या पुढेमागे शेंगा धरून वाळायला लागतो. गाजरगवताला ओल मिळाली की वर्षात केव्हाही उगवता येतं. पाटाच्या कडेला, बोअरच्या सांडपाण्यावर, रब्बीच्या पाण्यात ते हिवाळ्यातही फुललेलं दिसतं, तेव्हा शेजारी तरोट्याच्या नुसत्या काड्या असतात. त्यामुळे `a` हा आकडा ऑगस्टात वेगळा आणि जानेवारीत जवळजवळ शून्य. कोरडवाहू पांदणीवर तरोटा गाजरगवताला पूर्ण दाबतो आणि दोनशे पावलांवर ओलिताच्या धुऱ्यावर दोघं नांदतात, याचा उलगडा इथे होतो. मॉस्कोचे जीवशास्त्रज्ञ गॉझे यांनी १९३० च्या दशकात काचेच्या नळ्यांत पॅरामेशियम या एकपेशीय जीवाच्या जाती वाढवल्या, तेव्हा हेच पाहिलं. एकच खाद्य एकाच जागी खाणाऱ्या दोन जातींपैकी एक संपली. पण त्यांतल्या एका जातीबरोबर तळाशी खाणारी तिसरी जात ठेवली, तेव्हा दोघी टिकल्या. तिथे जागा वेगळी होती, इथे महिने वेगळे आहेत.

तेव्हा `a` काढताना चौकट कोरडवाहू की ओलिताची, आणि महिना कोणता, हे वहीत लिहिलंच पाहिजे. दोन्हींची सरासरी काढू नका. दोन रानं, दोन वेगळी गणितं.

मग बी फेकायचं का

कोरडवाहू चौकटीत `a` मोठा आणि `b` लहान आला, तर तरोट्याचं थोडं बीही पुरे, कारण तो घुसतोच. घाई असेल तरच जास्त फेका. ओलिताच्या धुऱ्यावर दोन्ही आकडे लहान आले, तर कितीही बी फेकलं तरी गाजरगवत २० च्या आसपास राहणार. तिथे तरोट्यावर विसंबू नये, फुलण्याआधी उपटण्याला पर्याय नाही.

दोन्ही आकडे मोठे आले तरच बियांचं माप महत्त्वाचं ठरतं. दुसऱ्या उदाहरणात गाजरगवत ४५ वर असेल, तर तरोट्याची साधारण १५ झाडं जगली तर बाजी पालटते, १३ जगली तर नाही. त्याआधी गाजरगवत उपटून २० वर आणलं, तर तरोट्याची नऊएक झाडं पुरतात. वरच्या कोडमध्ये सुरुवातीचे आकडे बदलत गेलात की हा उंबरठा सापडतो. समतोल `r` वर अवलंबून नसला तरी हा उंबरठा असतो, त्यामुळे `r1` आणि `r2` इथे नीट मोजलेले हवेत. त्यासाठी मोकळ्या केलेल्या चौकटीत पहिल्या दोन-तीन वर्षांची संख्या लिहून ठेवा, कारण रान भरल्यावर तो वेग मोजता येत नाही.